सातव्या परिच्छेदातली बातमी

प्रसिद्धिपत्रक म्हणजे संस्थेने स्वतःविषयी लिहून वर्तमानपत्राकडे पाठवलेला मजकूर. बोलताना त्यालाच प्रेसनोट म्हणतात. नगरपरिषद, महाविद्यालय, सहकारी बँक, साखर कारखाना, सरकारी खाते, कंपनी, गणेश मंडळ, कोणीही तो काढते. पूर्वी तो शिपायाच्या हाती पाकिटातून यायचा, मग फॅक्सवर येऊ लागला, आता ईमेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. वाट बदलली, रचना मात्र फारशी बदलली नाही. दोन-अडीच पाने मजकूर असतो आणि त्यात छापण्याजोगे काय आहे हे कळण्यासाठी उपसंपादकाला शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे लागते. पानावर जागा असते एका कॉलमातल्या आठ-दहा सेंटिमीटरची. म्हणून पत्रक कापावे लागते. कापणे म्हणजे वरची दोनशे अक्षरे ठेवून खालचे टाकणे नव्हे, कारण बातमी बहुतेक वेळा त्या खालच्या भागातच असते.

ती तिथे जाऊन बसते, याचे कारण पत्रक कोणासाठी लिहिले जाते यात आहे. लिहिणारा जनसंपर्क अधिकारी किंवा कार्यालयातला लिपिक ते वाचकासाठी लिहीत नाही. ते बाहेर जाण्याआधी साहेबांच्या टेबलावर जाते, आणि साहेब पाहतात ते आपले नाव कितव्या ओळीत आहे, पद बरोबर आहे का, व्यासपीठावरचा कोणी राहिला तर नाही ना. त्यामुळे पत्रकाचा क्रम कार्यक्रमपत्रिकेसारखा होतो. आधी स्वागत, मग प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मनोगते, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी आभार. सभेच्या इतिवृत्ताला हा क्रम योग्य आहे. बातमीला तो उलटा पडतो.

या कलेच्या जन्माची म्हणून जी गोष्ट नेहमी सांगतात, ती अमेरिकेतली आहे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीजवळ विजेवर चालणारी एक रेल्वेगाडी खाडीवरच्या पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५० हून अधिक माणसे दगावली. गाडी पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीच्या अखत्यारीतली होती. कंपनीचा सल्लागार आयव्ही ली हा आधी बातमीदारी केलेला माणूस. अपघात झाकण्याऐवजी त्याने कंपनीकडची माहिती लेखी निवेदनात मांडून बातमीदारांना दिली, आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते निवेदन जसेच्या तसे छापले. पहिले आधुनिक प्रसिद्धिपत्रक म्हणून त्याकडे बोट दाखवले जाते. ते न कापता छापले गेले याचे कारण उघड आहे. बातमीदाराला जे हवे होते तेच त्यात होते.

बातमीदाराला हवी असते ती रचना त्याच सुमारास वर्तमानपत्रांत रुळत होती. सर्वांत महत्त्वाचे सर्वांत वर, मग त्याचा तपशील, मग पार्श्वभूमी, आणि गाळले तरी चालेल असे सर्वांत खाली. पत्रकारितेच्या वर्गात तिला उलटा मनोरा म्हणतात. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी तिचा उपयोग अगदी हाताला कळणारा होता. मजकूर चौकटीत मावेना की खालच्या ओळी काढून टाकायच्या, वरचे काही हलवायचे नाही. आज पान संगणकावर लागते, पण सवय तीच आहे. रात्री उशिरा जाहिरात आली तर बातमी खालूनच कापली जाते. म्हणून पत्रकाच्या शेवटी ठेवलेली गोष्ट सर्वांत आधी मरते.

एक पत्रक समोर घेतले की हे काम नीट दिसेल. पुढचे पत्रक नमुन्यासाठी रचलेले आहे. गावाचे आणि माणसांची नावे त्यात मुद्दाम घातलेली नाहीत. पण अशी पत्रके ज्यांनी टेबलावर घेतली आहेत त्यांना ते ओळखीचे वाटेल. साधारण चारशे शब्दांचे, आठ परिच्छेदांचे हे पत्रक एका नगरपरिषदेचे आहे आणि त्याची सुरुवात अशी:

‘लोकाभिमुख कारभाराची परंपरा जपणाऱ्या आपल्या नगरपरिषदेच्या वतीने शहरातील नागरिकांच्या सोयीसाठी विविध विकासकामे सातत्याने राबविण्यात येत असून त्याचाच एक भाग म्हणून स्टेशन रस्ता येथे उभारण्यात आलेल्या नूतन जलकुंभाचा भव्य लोकार्पण सोहळा सोमवार, दि. ९ मार्च रोजी सकाळी ११ वाजता आमदार महोदयांच्या शुभहस्ते व मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’

दुसऱ्या परिच्छेदात व्यासपीठावरची सतरा नावे पदांसह आहेत. तिसऱ्यात प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, शाल आणि श्रीफळ. चौथ्यात मुख्याधिकाऱ्यांचे प्रास्ताविक आहे. त्यात जलकुंभाची क्षमता १२ लाख लिटर, खर्च ४ कोटी ८० लाख रुपये, लाभ प्रभाग ३, ४ आणि ७ यांना, आणि या प्रभागांना सध्या दिवसाआड पाणी मिळते, एवढी माहिती आली आहे. पाचव्यात आमदारांचे भाषण आहे, ते पाणी हेच जीवन या धर्तीचे. सहाव्यात नगराध्यक्ष म्हणतात, ‘या जलकुंभामुळे नागरिकांना दररोज पाणीपुरवठा करण्याचा आमचा मानस आहे.’ आणि मग सातवा परिच्छेद येतो:

‘दरम्यान, सदर जलकुंभ मुख्य जलवाहिनीस जोडण्याचे काम हाती घेण्यात येणार असल्याने सदर प्रभागांतील पाणीपुरवठा दि. १२ व १३ रोजी बंद ठेवण्यात येणार असून दि. १४ रोजी तो कमी दाबाने करण्यात येईल, तरी नागरिकांनी पाण्याचा काटकसरीने वापर करून सहकार्य करावे, असे आवाहन पाणीपुरवठा विभागाच्या वतीने करण्यात आले आहे.’

आठव्यात सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले आणि ‘परिसरातील नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते’ हे वाक्य.

कापायला बसण्याआधी पत्रक एकदा शेवटपर्यंत वाचावे लागते, आणि याला दुसरी पळवाट नाही. वाचताना पेन्सिलीने तीन गोष्टींखाली रेघ मारत जावे: पुढे येणारी तारीख, बदलणारी गोष्ट, आणि त्या बदलाचा फटका किंवा फायदा ज्यांना होईल ती माणसे. या पत्रकात सोमवारचा सोहळा होऊन गेला आहे. त्याविषयी वाचून कोणालाही काही करायचे नाही. गुरुवार आणि शुक्रवार मात्र अजून यायचे आहेत, आणि तीन प्रभागांतल्या प्रत्येक घराला बुधवारी रात्री पिंप भरून ठेवायचे आहे. बातमी ती आहे. अनुभवी उपसंपादक तर पत्रक हाती आले की आधी ‘दरम्यान’, ‘तसेच’ आणि ‘असे आवाहन’ हे शब्द शोधतो. लिहिणाऱ्याला जे कार्यक्रमाच्या चौकटीत बसवता आले नाही, ते या शब्दांच्या आडोशाला ठेवलेले असते. कधी ते अनवधानाने तिथे जाते. कधी अप्रिय असते म्हणून मुद्दाम ठेवलेले असते. पाणी बंद, शुल्कवाढ, परीक्षा पुढे ढकलली, तोटा वाढला, या गोष्टी पत्रकाच्या शेपटीत सापडणे हा योगायोग नसतो.

या पत्रकात दुसरीही एक बातमी आहे: दिवसाआड येणारे पाणी रोज येण्याची शक्यता. दोन्हींत आधी कोणती, हा खरा निर्णय. रोज पाणी ही मोठी गोष्ट आहे, पण तिला तारीख नाही आणि ती ‘मानस’ या शब्दावर उभी आहे. पाणीबंदी लहान आहे, पण ठरलेली आहे आणि तीन दिवसांवर आली आहे. तारीख असलेली, पक्की गोष्ट आधी घ्यायची. क्षमतेचा आकडा यापैकी काहीच नाही. १२ लाख लिटर म्हणजे किती, हे अभियंता सोडला तर कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. रोज पाणी की दिवसाआड, हे मात्र स्वयंपाकघरात कळते.

आता इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे हे सहा प्रश्न विद्यार्थ्यांना शिकवले जातात आणि त्यांची उत्तरे पहिल्या परिच्छेदात द्यावीत असे सांगितले जाते. नवखा बातमीदार ते सहाही एका वाक्यात कोंबतो: ‘नगरपरिषदेने ४ कोटी ८० लाख रुपये खर्चून स्टेशन रस्त्यावर उभारलेल्या १२ लाख लिटर क्षमतेच्या नव्या जलकुंभाला मुख्य जलवाहिनी जोडण्याचे काम होणार असल्याने प्रभाग ३, ४ आणि ७ मधील पाणीपुरवठा गुरुवारी व शुक्रवारी बंद राहणार आहे.’ बातमी पहिल्या परिच्छेदात आली खरी, पण वाक्याच्या अगदी टोकाला. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. वाक्य जितके लांब, तितके ‘काय झाले’ हे उशिरा कळते. ‘असून’, ‘करण्यात येऊन’, ‘असल्याने’ अशा सांध्यांवर वाक्य वाढवत नेले, तर बातमी पत्रकाच्या शेवटून काढून वाक्याच्या शेवटी ठेवल्यासारखे होते. म्हणून मराठी इंट्रो दोन-तीन छोट्या वाक्यांचाच बरा. पहिल्या वाक्यात ज्यांना फरक पडणार ती माणसे, दिवस आणि काय होणार एवढेच. कारण दुसऱ्या वाक्यात:

‘शहरातील प्रभाग ३, ४ आणि ७ मध्ये गुरुवारी (ता. १२) आणि शुक्रवारी (ता. १३) पाणी येणार नाही. स्टेशन रस्त्यावरील नवा जलकुंभ मुख्य जलवाहिनीला जोडण्याचे काम सुरू होत आहे. शनिवारी (ता. १४) कमी दाबाने पाणी येईल, असे नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने कळवले आहे.’

हा परिच्छेद तयार झाला की उरलेल्या पत्रकाकडे पाहण्याची नजर बदलते. आता प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारायचा: या बातमीच्या वाचकाला यातले काय लागेल? चौथ्या परिच्छेदातली माहिती लागेल, कारण बंदी कशासाठी हे त्यातून कळते. सहाव्यातले नगराध्यक्षांचे वाक्य लागेल. पहिल्या परिच्छेदातून लोकार्पण झाले आणि कोणाच्या हस्ते झाले एवढे पुरे. दुसरा, तिसरा, पाचवा आणि आठवा संपूर्ण जातात. कात्री चालते ती अशी, सबंध परिच्छेदांवर. शब्दाशब्दांवर काटकसर करत सर्व परिच्छेद थोडे थोडे लहान करणे ही सर्वांत मोठी चूक. त्याने चारशेचे तीनशे होतात आणि पत्रक पहिल्यापेक्षा जास्त दुर्बोध होते, कारण सांगाडा सोहळ्याचाच राहतो.

आमदारांचे भाषण गेले आणि नगराध्यक्षांचे वाक्य राहिले, यात पक्षपात नाही. अवतरण ठेवण्याची कसोटी सोपी आहे. ते वाक्य त्याच माणसाच्या तोंडून आले म्हणून त्याला किंमत आहे का? पाण्याचे महत्त्व कोणीही सांगू शकतो. रोज पाणी देण्याचा इरादा नगराध्यक्षांनी जाहीरपणे बोलून दाखवला, तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांना त्याबद्दल विचारता येते.

परिच्छेद ठरले की मग वाक्यांतला भराव. मराठी पत्रकांतला भराव तीन ठिकाणी हमखास सापडतो. पहिला विशेषणांत. ‘भव्य’, ‘दिमाखदार’, ‘अत्याधुनिक’, ‘नावीन्यपूर्ण’, ‘अग्रगण्य’ यांपैकी प्रत्येक शब्दाची परीक्षा त्याच्या उलट शब्दाने घ्यावी. कोणती संस्था आपला सोहळा किरकोळ झाला असे कळवेल? उलट शब्द संभवत नसेल, तर मूळ शब्दाने काही सांगितलेले नाही. दुसरा भराव बोलण्याच्या क्रियापदांत असतो. ‘याप्रसंगी उपस्थितांना मार्गदर्शन करताना ते पुढे म्हणाले की’ यातले ‘म्हणाले’ ठेवले की झाले. तिसरा सर्वांत पसरलेला, तो म्हणजे ‘करण्यात आले’. पाणीपुरवठा ‘बंद ठेवण्यात येणार आहे’ याऐवजी ‘पाणी येणार नाही’, वृक्षारोपण ‘करण्यात आले’ याऐवजी ‘झाडे लावली’, सोहळा ‘संपन्न झाला’ याऐवजी नुसते ‘झाला’. जागा वाचते, वाक्यही चालू लागते.

इथे मात्र एक अडचण आहे. ‘करण्यात आले’ या रचनेत कर्ता गाळता येतो आणि सरकारी भाषेला ती आवडते त्याचे एक कारण हेच. ‘अतिक्रमणे हटवण्यात आली’ याचे ‘पालिकेने अतिक्रमणे हटवली’ असे करण्याआधी ती पालिकेनेच हटवली का, हे विचारावे लागते. ती सार्वजनिक बांधकाम खात्याने हटवलेली असू शकतात. कर्मणी वाक्य कर्तरी करणे हे व्याकरणाचे काम वाटते, पण त्यात एक माहिती नव्याने भरली जाते. ती माहिती पत्रकात नसेल तर फोन करावा, आणि फोन लागत नसेल तर वाक्य होते तसे ठेवावे.

कापताना चुका होतात त्या बहुतेक याच जातीच्या. भरावासारखा दिसणारा एखादा शब्द प्रत्यक्षात वाक्याचा सगळा अर्थ पेलत असतो. ‘मानस’ हा तसा शब्द. घाईत ‘रोज पाणी देण्याचा मानस आहे’ याचे ‘रोज पाणी मिळणार’ होते, मग तेच मथळ्यात चढते, आणि महिनाभराने लोक वर्तमानपत्राला जाब विचारतात. ‘तत्त्वतः मंजुरी’ म्हणजे मंजुरी नव्हे; निधी, निविदा आणि कामाचा आदेश हे सगळे त्यानंतर यायचे असते. ‘प्रस्तावित’, ‘अंदाजे’, ‘पहिल्या टप्प्यात’, ‘प्रयत्नशील’ हेही त्याच रांगेतले. कंपन्यांच्या पत्रकात तिमाही निकालांपुढे ‘अलेखापरीक्षित’ असा एक जड शब्द असतो. कानाला तो भरावच वाटतो. पण आकडे अजून पूर्ण लेखापरीक्षणातून गेलेले नाहीत ही गोष्ट तोच सांगतो, म्हणून तो कापायचा नाही. त्याच पत्रकातला ‘क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी’ हा तुकडा मात्र खुशाल जाऊ द्यावा.

दुसरी चूक परिच्छेद वर सरकवल्याने होते. सातव्या परिच्छेदात ‘सदर प्रभागांतील’ असे लिहिले आहे. ते प्रभाग कोणते हे चौथ्या परिच्छेदात सांगितले होते. सातवा उचलून वर आणला की ‘सदर’ हवेत लटकतो, आणि वाचकाला वाटते की पाणी सबंध शहराचे बंद आहे. ‘उपरोक्त’, ‘यांनी’, ‘ही योजना’, ‘त्या वेळी’ हे शब्द जिथे दिसतील तिथे थांबून, ते ज्याकडे बोट दाखवतात ती गोष्ट त्यांच्या आधी आली आहे का, हे पाहावे. नसेल तर सर्वनाम काढून नाम घालावे, मग एक-दोन शब्द वाढले तरी चालतील. पदनामांचेही तसेच. ज्याचे पूर्ण पद पहिल्या परिच्छेदात होते तो माणूस आता तिसऱ्या परिच्छेदात पहिल्यांदा भेटत असेल, तर त्याचे पद तिथे न्यावे लागते.

तिसरी चूक दिवसांची. पत्रक सोमवारी लिहिलेले असते, संध्याकाळी पोचते, आणि जागेअभावी बुधवारच्या अंकात लागते. तोवर त्यातला ‘आज’ परवा झालेला असतो आणि ‘परवा’ आजवर आलेला असतो. म्हणून कापलेल्या बातमीत वार आणि तारीख दोन्ही असावीत, आणि ती दिनदर्शिकेवर ताडून पाहावीत. वार आणि तारीख जुळत नसेल तर दोन्हींपैकी एक चूक आहे, आणि कोणती ते पत्रक पाठवणाऱ्यालाच ठाऊक असते. पत्रक लेटरहेडच्या फोटोच्या रूपात आले असेल तर जास्तच सावध राहावे लागते, कारण तो मजकूर पुन्हा टाइप होतो आणि तिथे १२ चा २१ होणे सहज घडते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरातही जोडाक्षरे फुटतात आणि आडनावे बदलतात.

या सर्वांवर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे. कापलेली बातमी डावीकडे आणि मूळ पत्रक उजवीकडे ठेवायचे, आणि बातमीतला प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख, प्रत्येक नाव आणि प्रत्येक क्रियापदाचा काळ मुळावर बोट ठेवून तपासायचा. ‘होणार’ आणि ‘झाले’ यांत गल्लत झाली का, हे याच वेळी कळते. या पत्रकाला पाच मिनिटे पुरतात.

या सगळ्यातून पार पडल्यावर चारशे शब्दांचे पत्रक असे उरते:

‘तीन प्रभागांत गुरुवारी, शुक्रवारी पाणी नाही

शहरातील प्रभाग ३, ४ आणि ७ मध्ये गुरुवारी (ता. १२) आणि शुक्रवारी (ता. १३) पाणी येणार नाही. स्टेशन रस्त्यावरील नवा जलकुंभ मुख्य जलवाहिनीला जोडण्याचे काम सुरू होत आहे. शनिवारी (ता. १४) कमी दाबाने पाणी येईल, असे नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने कळवले आहे.

या जलकुंभाची क्षमता १२ लाख लिटर असून त्यासाठी ४ कोटी ८० लाख रुपये खर्च झाला आहे. सोमवारी आमदारांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. या प्रभागांना सध्या दिवसाआड पाणी मिळते. ते दररोज देण्याचा मानस असल्याचे नगराध्यक्षांनी या वेळी सांगितले.’

मथळा धरून हे शंभराच्या आतले शब्द आहेत. खालून कापायची वेळ आली तर शेवटची दोन वाक्ये गेली तरी बातमी उभी राहते, मग लोकार्पणाचे वाक्य जाऊ शकते, आणि अगदीच जागा नसेल तर पहिला परिच्छेद एकटाही छापता येतो. कापणी बरोबर झाली की नाही, हे ओळखण्याची ही चांगली खूण. खालून एकेक वाक्य झाकत जावे. उरलेले प्रत्येक वेळी पूर्ण वाटले पाहिजे. एखादे वाक्य झाकताच वरचे काही कळेनासे झाले, तर ते वाक्य चुकीच्या जागी आहे.

या मजकुरात एक उणीव राहिली आहे आणि ती कात्रीने भरून निघणारी नाही. गुरुवारी पाणी पहाटेपासून बंद की सकाळचा पुरवठा झाल्यावर बंद? टँकर मिळणार का, आणि मिळायचा तर कोणाला फोन करायचा? पत्रकाने सतरा नावे दिली, हे मात्र दिले नाही. भराव काढला की खाली काय नाही ते उघडे पडते, आणि बातमीदाराचा पाणीपुरवठा विभागाला जाणारा फोन तिथून सुरू होतो.

कापलेल्या सतरा नावांचे काय, हा प्रश्न जिल्हा आवृत्तीत काम करणाऱ्याला टाळता येत नाही. ती माणसे त्याच गावातली आहेत, अंक विकत घेणारी आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले दोन-तीन जण कार्यालयात फोन करणार हे ठरलेले आहे. पुण्या-मुंबईत बसून या नावांना भराव म्हणणे सोपे आहे. गावात नाव छापून येणे हीसुद्धा बातमीच असते, फक्त ती पाणीबंदीच्या बातमीत मावत नाही. व्यवहारात तोडगा निघतो तो छायाचित्राच्या ओळीत. फोटोत दिसणाऱ्या चार-पाच जणांची नावे डावीकडून उजवीकडे तिथे येतात, सोहळ्याचीही नोंद होते, आणि बातमी मोकळी राहते.

सगळीच पत्रके अशी उलटी करायची नसतात. निधनाच्या निवेदनात बातमी आपोआप पहिल्या ओळीत असते आणि पुढचा जीवनपट काळाच्या क्रमानेच नीट लागतो. एखाद्या संस्थेने छापून आलेल्या बातमीवर खुलासा पाठवला असेल, तर त्यातला मूळ इन्कार वर घ्यावा, पण त्याच्या अटी आणि अपवाद कापू नयेत, कारण खुलाशाचा अर्थ त्यांतच असतो. कायद्याने द्यावयाच्या जाहीर नोटिशीला तर हात लावायचाच नाही. ती जाहिरात असते, बातमी नव्हे.

सरकारी पत्रकांची घडण थोडी वेगळी असते. महाराष्ट्र शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून किंवा जिल्हा माहिती कार्यालयाकडून येणारे वृत्त ‘मुंबई, दि. १२ :’ अशा ओळीने सुरू होते आणि चार शून्यांवर संपते. ते लिहिणारे पुष्कळदा पत्रकारितेतून आलेले असतात, त्यामुळे निर्णय सहसा पहिल्याच परिच्छेदात सापडतो. त्यातला भराव असतो मंत्र्यांच्या पदनामांत आणि ‘असे निर्देश त्यांनी दिले’ या वाक्याच्या पाच-सहा पुनरावृत्तींत. तिथे परिच्छेद हलवण्याऐवजी सगळे निर्देश एका वाक्यात गोळा करणे एवढेच काम उरते.

पत्रक पाठवणाऱ्या कार्यालयाला हे सगळे आधीच करता येते, आणि त्यासाठी जनसंपर्काची पदवी लागत नाही. मजकूर एका पानात बसवावा. ईमेलच्या विषयात ‘प्रसिद्धीसाठी’ असे न लिहिता बातमीच लिहावी, कारण उपसंपादक सकाळच्या ढिगातून आधी तेवढेच वाचतो. नावांची यादी वेगळ्या पानावर द्यावी, म्हणजे साहेबांचे समाधान होते आणि मजकूरही मोकळा राहतो. मजकूर युनिकोडमध्ये असावा, फोटोत नसावा. खाली ज्या अधिकाऱ्याला फोन केला तर उत्तर मिळेल त्याचाच क्रमांक असावा. आणि पाणी बंद राहण्याची सूचना लोकार्पणाच्या वृत्तान्तात घालू नये. त्या दोन बातम्या आहेत, म्हणून त्यांची दोन पत्रके करावीत, आणि पाणीबंदीचे पत्रक सोहळ्याची वाट न पाहता आधी पाठवावे.